चाळिसावा भाग, दहावा भाग आणि हातावरचं उदक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारच्या पत्राची सेवा आमच्या घराकडे आली आहे. मागच्या महिन्यात इंदूरच्या एका ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, ‘दान किती करावं याला काही नियम आहे का?’ खाली वीस-पंचवीस हात जोडलेली चित्रं आली, ‘यथाशक्ती’ असंही चार-पाच जणांनी लिहिलं, आणि विषय दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातात वाहून गेला. आम्हीही ‘यथाशक्ती’च लिहिलं होतं. मग रात्री जेवताना सहज वाटलं, आपली शक्ती नेमकी किती हे आपल्याला तरी कुठं ठाऊक आहे? म्हणून जुनी डायरी काढली आणि गेल्या वर्षी काय दिलं ते लिहून काढलं.

देवळाच्या जीर्णोद्धाराला ११,००० (फरशीवर नाव घातलं आहे). महाप्रसादाला ५,००१. गणपती आणि नवरात्राची वर्गणी मिळून ३,५००. दारावर आलेले, रस्त्यात भेटलेले, असे फुटकळ धरून २,०००. बेरीज २१,५०१. आम्हा दोघांचा पगार मिळून महिन्याला ६२,०००, म्हणजे वर्षाला ७,४४,०००. शंभराला तीन रुपयेसुद्धा पडले नाहीत. तरी वर्षभर आम्ही स्वतःला बऱ्यापैकी देणारी माणसं समजत होतो.

आणखी एक नोंद डायरीत सापडली. ती दानाच्या पानावर नव्हती, खर्चाच्या पानावर होती. ‘जून: मावशींना उचल ६,०००. जुलैपासून दरमहा १,००० कापणे.’ धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींच्या मुलीची कॉलेजची फी होती. त्यांनी भीत भीत विचारलं, आम्ही दोन दिवस ‘बघू’ म्हणालो आणि मग उचल दिली. फरशीचे ११,००० त्याच महिन्यात दिले होते. या नोंदीकडे परत येऊ.

आमच्या शेजारी कापडाचं छोटं दुकान चालवणारे चाचा राहतात. ते दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून वही घेऊन बसतात, हे आम्ही पंधरा वर्षं बघतोय. जकातीचा हिशेब. या वेळी त्यांनाच विचारलं, ‘चाचा, आमच्या घराला तुमचं माप लावलं तर किती येईल?’ ते आधी हसले. म्हणाले, ‘भाऊ, नमाजासारखीच जकात ही आमच्याकडे इबादत आहे. नियत करून द्यायची असते. तुमच्या घराला ती लागू होत नाही. पण माप बघायचं असेल तर वही आणा.’

जकातीत मिळकत मोजत नाहीत, उरलेलं मोजतात. एक पूर्ण चांद्रवर्ष, म्हणजे साधारण ३५४ दिवस, माणसाकडे ठरलेल्या पातळीच्या वर संपत्ती असेल तर तिचा चाळिसावा भाग, शंभराला अडीच, गरजूंचा होतो. त्या पातळीला निसाब म्हणतात. सोन्याचं माप साडेसात तोळे, चांदीचं साडेबावन्न तोळे. इथं बऱ्याच जणांची गफलत होते. हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. हल्ली सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम नव्हे, ८७.४८ ग्रॅम. चांदीचे ६१२.३६ ग्रॅम. राहतं घर, वापरातली गाडी, दुकानातली कपाटं, शिलाई मशीन यांतलं काहीच मोजत नाहीत. विकायला ठेवलेलं कापड मात्र आजच्या बाजारभावाने मोजतात. राहायला बांधलेलं घर धरत नाहीत, पण भाव चढला की विकायचा म्हणून घेऊन ठेवलेला प्लॉट धरतात. आम्हाला हा भेद फार आवडला, कारण ‘आमचे पैसे सगळे अडकलेत हो’ असं म्हणणाऱ्याला तो नेमकं विचारतो, कशात अडकलेत?

आम्ही उत्साहाने सगळ्या घराची बेरीज करायला घेतली. सोनं १२० ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून ग्रॅमला १०,००० धरले, तर १२ लाख. बँकेतली ठेव ४ लाख (चाचा व्याज घेत नाहीत, म्हणून मुद्दलच धरलं), खात्यात ६०,०००, चुलतभावाला दिलेले आणि परत येण्यासारखे ५०,०००. आणि मामांचे आम्ही द्यायचे आहेत ते १,१०,००० वजा.

चाचांनी पेन खाली ठेवलं. ‘हे सोनं कुणाचं?’

घरचं, म्हणालो.

‘घरचं म्हणजे कुणाचं? वहिनींचं की तुमचं?’

तिच्या माहेरचं आणि लग्नातलं. म्हणजे तिचं. मग त्यांनी पानावर मधे उभी रेघ मारली. जकात घराची नसते, माणसाची असते. बायकोच्या सोन्याचा हिशेब बायकोचा, नवऱ्याच्या ठेवीचा नवऱ्याचा. तिच्या बाजूला १२ लाख, त्याचा चाळिसावा भाग ३०,०००. दुसऱ्या बाजूला कर्ज वजा जाता बरोबर ४ लाख. रोकड चांदीच्या मापाने बघतात, ते माप याच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून १०,०००. दोघांचे मिळून ४०,०००. घराचं कर्ज असतं तर, चाचा म्हणाले, सगळं वीस वर्षांचं कर्ज वजा करून ‘मी तर कंगाल’ म्हणता येत नाही. देणं झालेला हप्ता तेवढा वजा करायचा.

यात पंथाप्रमाणे फरक पडतो. चाचा हनफी, त्यांच्याकडे अंगावरचे दागिनेही मोजतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्या रीतीत बाईच्या नेहमी वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. आमच्या १२० ग्रॅमपैकी ९० ग्रॅम वापरात आणि ३० ग्रॅम लॉकरमध्ये धरले तर ते ३० सोन्याच्या मापाच्या खालीच राहतात, आणि ३०,००० चे शून्य होतात. एकच घर, एकच सोनं, दोन प्रामाणिक उत्तरं. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखीच: हिशेब मनात करून चालत नाही, वस्तू काढून मोजावी लागते.

शेतीचं माप वेगळं आहे, आणि आपल्यातल्या शेतकरी मंडळींना ते सांगायलाच हवं. पिकातून काढतात त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि कष्टाने, खर्चाने पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे जिरायतीला दहावा, बागायतीला विसावा. आम्हाला वाटलं होतं उलट असेल. बागायतदार श्रीमंत ना! पण पाऊस फुकट पडतो आणि विहिरीचं पाणी घाम गाळून वर येतं, असा तो विचार आहे. जे फुकट मिळालं त्यातून जास्त द्यायचं.

हा ‘दहावा’ आला की दशांश आठवतो. आमच्या ‘ही’च्या बरोबर दवाखान्यात काम करणाऱ्या एक ख्रिस्ती नर्सताई आहेत. पगार झाला की सगळ्यात आधी त्या एका पाकिटात दहावा भाग काढून ठेवतात, किराणा नंतर. पगार कापून येण्याआधीचा धरायचा की हातात पडलेला, यावर त्यांच्यात दोन मतं आहेत. आमच्याच आकड्यांवर सांगायचं तर ६२,००० चा दहावा ६,२००, आणि हातात ५५,००० येत असतील तर ५,५००. त्या आधीचा धरतात. सगळे ख्रिस्ती असं करतात असं नाही. गोव्यात म्हापशाला आमच्या नणंदबाईंच्या शेजारची कुटुंबं कॅथलिक आहेत. चर्चच्या गरजेला हातभार लावावा हे त्यांच्याकडे आहे, पण दहावाच असं बंधन नाही.

मूळ दशांश यहुद्यांचा, धान्य, फळं आणि जनावरांचा. बायबलच्या लेवीय पुस्तकात जनावरांबद्दल जे सांगितलंय ते वाचून आम्ही थांबलो. कळप काठीखालून एकेक करून सोडायचा. दहावं येईल ते देवाचं. ते लठ्ठ आहे की रोड हे बघायचं नाही. बदलायचं नाही. आणि कुणी बदललंच, तर मूळचं आणि बदली आणलेलं, दोन्ही देवाची होतात! माणसाचा स्वभाव ओळखूनच कुणीतरी हे लिहिलंय. कारण दहावं जनावर नेमकं दुभतं निघालं की प्रत्येकाला त्या क्षणी दुसरं एखादं जास्त ‘योग्य’ वाटणार.

आपल्याकडे याच जागेवर कठोपनिषदाची सुरुवात होते. नचिकेताचे वडील यज्ञात सर्वस्व द्यायला निघालेत, आणि पोरगा बघतो तर गाई कशा? शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. मुलाला लाज वाटते आणि तो विचारतो, मला कुणाला देणार? यमाच्या दारापर्यंतची पुढची सगळी कथा त्या भाकड गाईंमुळे घडली. कथेकऱ्यांच्या तोंडून आम्ही हे लहानपणापासून ऐकत आलो, पण तेव्हा यमाकडेच लक्ष असायचं, गाईंकडे नाही. दिवाळीला मावशींना आम्ही बांधून देतो ते जुन्या कपड्यांचं गाठोडं आठवलं आणि डायरी मिटून ठेवावीशी वाटली.

दशांशाची उणीवही सांगितली पाहिजे. जकातीला खाली पातळी आहे. त्याखालचा माणूस देणारा नसून घेणारा ठरतो. सरसकट दहाव्यात ती पायरी नाही. महिना १५,००० मिळवणाऱ्या घराला १,५०० म्हणजे गॅस आणि औषधं, दीड लाखवाल्याला १५,००० म्हणजे एक सहल कमी. आणि जिथं तो सक्तीचा झाला तिथं तो कर झाला. युरोपात शतकानुशतकं शेतकऱ्यांच्या पेंढ्यांमधून चर्चसाठी दहावा उचलत. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत तो रद्दच करावा लागला. येशूंनी स्वतः त्यांच्या काळच्या धर्मपंडितांना सुनावलंय की पुदिना आणि जिऱ्याचाही दशांश मोजता, आणि न्याय व दया सोडून देता. मोजणाऱ्यांसाठी ही गोष्ट आहे, म्हणजे आमच्यासाठीसुद्धा.

आता दान. आकडा विचाराल तर आपल्याकडे सर्वांना लागू असा एकच दर नाही. आकडे आहेत, नाहीत असं नाही. भागवतात बळीराजाला शुक्राचार्य सांगतात की धनाचे पाच वाटे करावेत, धर्म, कीर्ती, धनवृद्धी, स्वतःचा उपभोग आणि स्वजन. पण चाचांच्या वहीसारखी वही कुणी मागत नाही. दर नाही म्हणून आम्ही सुटलो, असंच आजवर आम्हाला वाटत आलं. वाचायला बसल्यावर दिसलं की दर नसला तरी अटी भरपूर आहेत, आणि त्या जास्त अडचणीच्या आहेत. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री यांनी तेराव्या शतकात आपल्या चतुर्वर्गचिंतामणी ग्रंथाचा एक अख्खा खंड दानावर लिहिला तो उगाच नाही.

पहिली अट याज्ञवल्क्यांची. जे स्वतःचं आहे तेच द्यावं, आणि कुटुंबाची हानी होणार नाही असं द्यावं. ‘हे सोनं कुणाचं?’ हा चाचांचा प्रश्न इथं तसाच उभा आहे. बायकोला न विचारता तिच्या बांगड्या कळसाला वाहणारा नवरा दान करतच नाही, तो दुसऱ्याची वस्तू उचलून देतो. मनूही म्हणतो की आपली माणसं हालात असताना परक्यांना देणाऱ्याचं दान चवीला मधासारखं, पण आत विष. जकातीतही आई-वडील आणि मुलं यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं आधीच तुमच्यावर आहे. गरजू भाऊ-बहिणीला मात्र देता येते, आणि त्याला पुण्य जास्त. म्हणजे आईच्या औषधांचा खर्च दानात लिहून बेरीज फुगवणं दोन्ही घरांत चालत नाही. आम्ही लिहिला होता. खोडला.

दुसरी अट हाताची. आपल्याकडे दान देताना संकल्प करून हातावरून पाणी सोडतात आणि ‘हे आता माझं नाही’ म्हणतात. मराठीत एखाद्या गोष्टीवर ‘उदक सोडलं’ म्हणतो ते तिथूनच. धर्मशास्त्रात दान पुरं व्हायला दोन गोष्टी लागतात: देणाऱ्याचा हक्क सुटला पाहिजे आणि घेणाऱ्याने घेऊन त्याचा हक्क लागला पाहिजे. विहीर, तळं लोकांसाठी सोडतात त्याला वेगळं नाव आहे, उत्सर्ग. कारण तिथं घेणारा अमुक एक माणूस नसतो. आणि गंमत म्हणजे हनफी जकातीत हीच अट आहे. पैसे गरजूच्या हातात, त्याच्या मालकीचे व्हायला हवेत. म्हणून मशीद बांधायला जकात चालत नाही, त्याला दुसऱ्या देणग्या.

या मापाने आमचे २१,५०१ परत बघितले. देऊळ, प्रसाद, वर्गणी हे चांगलंच आहे, त्याला आम्ही कमी म्हणत नाही. पण ज्याच्या हातात पडून त्याचे झाले असे त्यातले फक्त ते फुटकळ २,०००.

तिसरी गोष्ट गीतेच्या सतराव्या अध्यायातली, सगळ्यांना पाठ असलेली. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, द्यायचं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. काही परत मिळावं म्हणून किंवा कुढत दिलेलं राजस. तुसडेपणाने, अपमान करून दिलेलं तामस. पाठ असलेल्या गोष्टीची एक अडचण असते, ती स्वतःला लावायची राहून जाते. फरशीवरचं नाव कुठल्या खान्यात टाकायचं ते सांगायला नको. आणि पराशर म्हणतात, आपण होऊन जाऊन दिलेलं उत्तम, बोलावून दिलेलं मध्यम, मागितल्यावर दिलेलं कनिष्ठ. मावशींनी मागितलं होतं. त्यावर दोन दिवस ‘बघू’ होतं. आणि शेवटी जे दिलं ते दानच नव्हतं, उचल होती. म्हणजे कनिष्ठातही ते बसत नाही.

आम्हाला एक सोपी वाट सुचली. सहापैकी चार हप्ते कापून झाले होते, दोन हजार राहिले होते. ते सोडून द्यावेत आणि दानाच्या पानावर लिहावेत. चाचांना सहज बोललो तर त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे घेणं माफ केलं तर माफीचं पुण्य आहे, पण ती जकात धरत नाहीत. कारण तुमच्या हातातून काही गेलं नाही, समोरच्याच्या हातात काही आलं नाही. बुडालं असतं ते तुम्ही दान म्हणून लिहून मोकळे झालात. द्यायचं असेल तर आधी रोख त्याच्या हातात द्या, त्याचं होऊ द्या, ‘यातून माझं फेड’ अशी अट घालू नका. मग तो आपण होऊन फेडेल तर फेडेल. एवढं सांगून ते म्हणाले, जकात आमच्या गरजूंनाच जाते, पण सदका कुणालाही देता येतो, आणि देताना हे काय आहे ते सांगण्याची गरज नसते. ऐकणाऱ्याला खाली बघायला लावणारं देणं त्यांच्या किताबातही वाया गेलेलं धरलंय.

मागच्या सोमवारी आम्ही पाकिटात सहा हजार घातले. मावशींनी विचारलं, हे कशाचं? ‘मुलीच्या फीचं. जूनमध्येच द्यायला हवं होतं,’ एवढंच बोललो. त्यांनी मोजले, दोन हजार काढून ओट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, ‘उचल फिटली ना आता?’ आम्ही ते घेतले. घ्यायला नको होते असं आमच्यातल्या एकाचं मत आहे आणि दुसऱ्याचं मत आहे की न घेणं म्हणजे त्यांचा शब्द नाकारणं झालं असतं. अजून मिटलेलं नाही.

आता कागद. आम्ही स्वतः भरला तसाच खाली देतोय. नवरा-बायकोने आधी वेगवेगळा भरावा, मग समोरासमोर ठेवावा. घरातल्या कमावत्या मुला-मुलींनाही द्यावा. एक तास लागतो. डायरी, पासबुक जवळ घेऊन बसा, आठवणीवर भरू नका. आमची आठवण आणि डायरी यांत सात हजारांचा फरक निघाला, आणि आठवणच जास्त उदार होती.

*आत्मपरीक्षणाचा कागद*

*१.* गेल्या बारा महिन्यांत मी दिलेलं सगळं, तारीख आणि रक्कम: ________
यातून हे वजा करा: आई-वडील, मुलं यांच्यावरचा खर्च, कामाला येणाऱ्यांचा पगार आणि दरवर्षीचा ठरलेला दिवाळी बोनस (तो त्यांचा हक्क आहे), उसने किंवा उचल म्हणून दिलेले. उरले: ________

*२.* आलेलं. माझी वर्षाची मिळकत: ________ तिचा दहावा भाग: ________
हा आकडा द्यायलाच हवा असं नाही. घरात आजारपण, फी, कर्ज असेल तर याज्ञवल्क्यांची कुटुंबाची अट आधी. पहिल्या ओळीशेजारी तो फक्त लिहून ठेवा. आमचे: २१,५०१ आणि ७४,४००.

*३.* उरलेलं. वर्षभर पडून असलेलं आणि _माझ्या एकट्याच्या_ मालकीचं: सोनं-चांदी ____ ठेव ____ रोकड ____ येणं ____ विकण्यासाठी घेतलेली जागा ____ वजा देणं ____ = ________ त्याचा चाळिसावा भाग: ________
ज्यांची मिळकत कमी पण साठा जास्त (निवृत्त मंडळी, आमच्यासारखे सोनं घेऊन ठेवणारे) त्यांना दुसऱ्या प्रश्नापेक्षा हा बोचेल. ज्यांचा पगार मोठा आणि महिनाअखेर खिसा रिकामा, त्यांना दुसरा बोचेल. म्हणून दोन्ही भरा.

*४.* शेती असेल तर: यंदाचं पीक ____ पोती. जिरायत की बागायत? माझ्या कष्टाशिवाय आलेला भाग कोणता?

*५.* पहिल्या ओळीतलं किती एखाद्या माणसाच्या हातात पडून त्याचं झालं? ________

*६.* मी दिलेली सगळ्यात चांगली वस्तू कोणती? आणि टाकूनच द्यायची होती म्हणून दिलेली कोणती?

*७.* प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर: *गे* (आपण होऊन गेलो), *मा* (मागितल्यावर), *ना* (नावासाठी किंवा चार लोकांत बरं दिसावं म्हणून). आमच्या अकरा नोंदींत एकही ‘गे’ नव्हता. खोटं कशाला लिहा.

*८.* गेल्या वर्षी मी ‘बघू’ म्हणालो/म्हणाले असं एक माणूस: ________ त्याचं काम अजून अडलेलं आहे का? हे विचारून या, अंदाजाने भरू नका.

*९.* नवरा-बायकोचे कागद समोर ठेवल्यावर: जे ‘आपलं’ म्हणून दिलं ते खरं कुणाचं होतं? त्याला किंवा तिला विचारलं होतं का?

कागद मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आत भरावा. आकड्यांत अडचण आली तर आम्हाला खाजगीत फोन करा, चाचांनाही विचारून सांगू. भरलेल्या कागदाचा फोटो मात्र कुणीही ग्रुपवर टाकू नये, ‘झाला’ असंही लिहू नये. आणि आठव्या प्रश्नातल्या माणसाचं नाव तर घराबाहेर जाऊच देऊ नका.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥